चारच्या सुमारास पंचेचाळीस वॅट

ती जुन्या कागदपत्रांचं स्कॅनिंग करायची, म्हणून सगळे तिला स्कॅनताई म्हणत. बंद पडलेल्या एका क्षयरोग रुग्णालयाची रजिस्टरं इमारत पाडण्याआधी स्कॅन करायचं काम तिला मिळालं होतं. वीज फक्त मेट्रनच्या खोलीत उरली होती. शेजारच्या रेकॉर्डच्या खोलीत ती बसायची आणि भिंतीतल्या छोट्या खिडकीतून दोन मीटरची केबल आत ओढून घ्यायची. चार्जर पलीकडे, तिच्या नजरेआड.

चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की रोज चारच्या सुमारास स्क्रीन क्षणभर मंद होते, पुन्हा उजळते आणि कोपऱ्यात ‘चार्जिंग हळू’ असं येतं. अर्ध्या तासाने सगळं पूर्ववत.

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या दिराला तिने विचारलं.

“वहिनी, केबल कुठली आहे? साधी असेल तर साठ वॅटच्या वर जाणार नाही. तुमच्या लॅपटॉपला पासष्ट लागतात, म्हणजे पाच अँपिअरची, आत चिप असलेली केबल हवी.”

त्याने तशी केबल दिली, मधे लावायचा, विजेचे आकडे दाखवणारा छोटा मीटर दिला आणि स्वतःची शंभर वॅटची पॉवर बँकही दिली.

“शंभरने जळणार नाही ना?”

“नाही हो. बँक आणि लॅपटॉप आधी आपसात ठरवतात. लॅपटॉप लागेल तेवढंच ओढतो.”

दुसऱ्या दिवशी मीटरवर वीस व्होल्ट, सव्वातीन अँपिअर. चारला आकडे शून्यावर गेले, परत आले, आणि अँपिअर सव्वादोनवर थांबला. म्हणजे पंचेचाळीस वॅट. भिंतीपलीकडून बारीक गुरगुर आली, लाकडावर भुंगा अडकावा तशी. ती व्हरांड्याने वळसा घालून गेली. व्हरांड्याकडच्या दाराला तिने लावलेलं कुलूप जसंच्या तसं. आत कोणी नव्हतं. चार्जरचं दुसरं पोर्ट रिकामं, पण त्याच्यासमोरची धूळ पुसलेली.

त्यानंतरच्या दिवशी तिने लॅपटॉप पॉवर बँकेवर चालवला. चार वाजून गेले तरी आकडा हलला नाही. म्हणजे लॅपटॉप ठीक, केबल ठीक.

संध्याकाळी दीर फोनवर म्हणाला, “मग चार्जरच वाटणी करतोय. एकटं पोर्ट वापरलं तर पासष्ट. दुसऱ्यात काही लावलं की तो क्षणभर थांबतो, नव्याने ठरवतो, तुम्हाला पंचेचाळीस आणि दुसऱ्याला वीस.” मग त्याने विचारलं, “वहिनी, तिथे दुसरं कोण आहे?”

त्या रात्री ती दिवा लावूनच झोपली. तरी सकाळी गेली, कारण काम अर्धवट सोडणं तिच्या रक्तात नव्हतं.

चार वाजता आकडा पडला. या वेळी ती उठली नाही. तोंड खिडकीशी नेऊन हळूच म्हणाली, “राहू द्या. काढू नका.”

मीटर सव्वादोनवर तसाच. मग अगदी जवळून, भिंतीला गाल लावून बोलावं तसा आवाज आला. “बाई, रागावू नका. माझा चार्जर मागच्या पंधरवड्यात गेला.”

स्कॅनताईने खिडकीत डोकं घातलं. वॉर्डाकडच्या आतल्या दारातून एक म्हातारी मेट्रनच्या खोलीत आली होती. तीस वर्षं ती इथे आया होती. रुग्णालय बंद झालं, सगळे गेले, ती चादरींच्या खोलीत राहिली. तारेला लावलेला फोन तिने टेबलावर ठेवला. तो तिचा नव्हता.

“सोळा नंबरच्या बाबांचा. शेवटचे पेशंट. चारला मुलाचा फोन येतो. बॅटरी मेलीय, तारेवर असला तरच जागा राहतो.”

“तुम्ही उचलत नाही?”

“मी कशी उचलू? माझ्यासाठी थोडाच येतो?”

तेवढ्यात टेबलावर फोन गुरगुरला. दोघी बघत राहिल्या. अकरा वेळा, मग थांबला.

स्कॅनताईने रजिस्टर काढलं. भरतीच्या पानावर मुलाचा नंबर होता. तिने आपल्या फोनवरून लावला आणि कोण, कुठून ते सांगितलं.

“वडील गेले ते मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “अग्नी मीच दिला. नंतर एकदा सहज फोन लावला तर रिंग वाजली. वर्ष होईल त्याला. तेव्हापासून रोज चारला लावतो. कुणीतरी तो चालू ठेवतंय, एवढं कळायचं.”

“मग इथे येऊन बघितलं नाहीत?”

“आलो असतो, तर कोण ठेवतंय ते कळलं असतं.”

पण शनिवारी तो आला. आया फोन पदराला पुसून पुढे धरत होती. त्याने तो घेतला नाही. तिचं सामान मात्र उचललं. सामान म्हणजे दोन चादरी आणि एक पेटी. सगळे फाटकापर्यंत चालत गेले. वाटेत वॉर्डाच्या खिडक्या उघड्या होत्या आणि सोळा नंबरच्या खाटेवरची गादी, वर्षभर तिथे पेशंट नसताना, मधोमध दबलेली होती. स्कॅनताईने विचारलं नाही. तिला आयाच्या गालावर उमटलेल्या चादरीच्या सुरकुत्या दिसल्या होत्या.