बाण आणि फुल्या

आई गेल्यानंतर भिवपुरीच्या वीजघराच्या क्वार्टरमध्ये मी आणि बाबा, दोघंच उरलो. परदेशी विद्यापीठात प्रवेशासाठी मला इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. तिच्यात प्राध्यापकाचं व्याख्यान एकदाच ऐकवतात आणि प्रश्न नंतर दिसतात, म्हणून ऐकता ऐकता टिपणं काढावी लागतात. सरावाची व्याख्यानं बाबा मला वाचून दाखवायचे. ते थांबत थांबत वाचायचे आणि मी वाक्यंच्या वाक्यं उतरवायचे. कॉम्प्युटरवर व्याख्यान लावलं की मात्र मी सुरुवातीलाच मागे पडायचे.

"माझ्यामुळंच तुझं चुकतंय गं," एका संध्याकाळी बाबा म्हणाले. "आज मी थांबणार नाय."

त्यांनी ज्वालामुखीवरचा उतारा धडाधड वाचला. घाबरून मी वाक्यं लिहिणं सोडलं. कारणाकडून परिणामाकडे बाण काढला, काही वाढलं की वर जाणारा बाण, नकाराला फुली, आणि लांबलचक शब्दांची नुसती पहिली अक्षरं. वाचून झाल्यावर त्या खुणांवरून मी अख्खं व्याख्यान सांगितलं.

"जमलं की तुला," बाबा हसून म्हणाले. मग चष्मा पुसत राहिले. "आता माझी गरज नाय."

"असं काय बोलता?" मी म्हणाले. पण पुढचा सराव मी हेडफोन लावून एकटीनंच केला आणि बाबा बाहेरच्या खोलीत आवाज न करता बसून राहायचे.

मला प्रवेश मिळाला आणि मी परदेशी आले. इथून रोज फोन करते. "जेवलीस का गं?" ते विचारतात, आणि त्यानंतर दोघांनाही काही सुचत नाही.