मॅटवर तीनच उरल्या तेव्हा

क्रीडागृहात त्या दोघी बहिणी सफाईचं काम करायच्या. लोक त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली जाऊन पाच महिने झाले होते, पण धाकटीला सगळे अजून धाकटीच म्हणत.

थोरलीला कबड्डीचं वेड होतं. मॅट पुसून झाली की ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून सामना पाहायची. धाकटी तेवढ्या वेळात मागच्या मोरीवर पोछे धुवायची. घरी गेल्यावर थोरली हातवारे करून सांगायची, "अगं, आज काय सुपर टॅकल झाली म्हणून सांगू." धाकटी भाजी चिरता चिरता "हो का" म्हणायची. अकरा वर्षं तिने "हो का"च म्हटलं. सुपर टॅकल म्हणजे काय, हे तिने कधी विचारलं नाही.

थोरलीला ताप आला, तो उतरला, पुन्हा आला, आणि नवव्या दिवशी ती गेली. त्यानंतर चौथ्या दिवशी धाकटी कामावर हजर झाली. रडली नाही. लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं आहे. तिला स्वतःलाही तसंच वाटायचं. चहा प्यायल्यावर तो गरम होता की गार, हे तिला आठवत नसे. हात काम करायचे आणि ती हातांच्या मागे मागे जायची, एवढंच.

बायकांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता त्या दुपारी विजेची गुणपाटी बंद पडली. वायरमनने मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि मान हलवली. व्यवस्थापकांनी गोदामातून जुनी लाकडी पाटी काढली. तिला दोन्ही बाजूंना आकड्यांचे पत्रे होते. ते पुस्तकाच्या पानासारखे उलटायचे. उलटायला मात्र कुणी मोकळं नव्हतं.

"तुम्हाला आकडे येतात ना?" गुणलेखक मास्तरांनी तिला विचारलं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून ते सामन्यांचे गुण लिहायचे. दोन पेनं, एक पेन्सिल आणि चष्म्याचं फडकं असा त्यांचा संसार टेबलावर मांडलेला असे.

"आकडे येतात. खेळ येत नाही."

"अकरा वर्षं इथं आहात."

"मी मोरीवर असते."

मास्तरांनी चष्मा पुसला. मग गुणपत्रिकेच्या मागे पेन्सिलने चौकोन काढला आणि मधोमध रेघ मारली. "अर्धं अंगण निळ्यांचं, अर्धं पिवळ्यांचं. दोन्हीकडे सात-सात जणी. एक खेळाडू मधली रेषा ओलांडून समोरच्यांच्या अंगणात जाते, तिला चढाई म्हणतात. आताच्या मुली रेड म्हणतात. तोंडाने कबड्डी कबड्डी चालू पाहिजे, तेही एका दमात. तीस सेकंदांत परत यायचं. जाऊन कुणाला शिवली आणि सुखरूप घरी आली, तर जितक्यांना शिवली तितके गुण. त्या बाद होऊन बाहेर बसतात. आणि तिलाच त्यांनी धरून ठेवलं, तर ती बाद, गुण त्यांना."

"म्हणजे चोरी करून पळायचं."

"तसंच समजा." मास्तरांनी समोरच्या अर्ध्यात आडव्या दोन रेघा मारल्या. "ही जवळची निदान रेषा. कुणाला शिवणं जमलं नाही तरी ही ओलांडावी लागते, नाहीतर चढाई करणारीच बाद. ही पलीकडची बोनस रेषा. हिच्या पलीकडे एक पाय टेकवला आणि त्या वेळी दुसरा पाय हवेत असला, तर एक गुण. कुणाला शिवायची गरज नाही. पण समोर सहा किंवा सात जणी उभ्या असतील तरच. पाच असतील तर बोनस नाही."

"का?"

"गर्दीत घुसायला जिगर लागते. रिकाम्या घरात कुणीही पाय टाकेल." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "बाद झालेल्या बाहेर ओळीने बसतात. आपल्यातल्या कुणी समोरचीला बाद केलं, की ओळीतली पहिली परत आत येते. जुने लोक म्हणायचे, मेलेला गडी उठला."

धाकटीने चौकोनाकडे पाहिलं. "बोनस घेतला तर उठतो?"

"नाही. बोनसने पाटीवर आकडा वाढतो. माणूस परत येत नाही."

तिने पत्र्यांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली आणि दोन्हीकडे शून्य लावलं.

"एक राहिलं," मास्तर म्हणाले. "सुपर टॅकल. पेपरवाले अव्वल पकड म्हणतात. चढाई आली तेव्हा अंगणात तीन किंवा त्याहून कमी जणी असतील आणि तरी त्यांनी तिला पकडलं, तर एकाऐवजी दोन गुण. घरात माणसं कमी असताना चोर धरला म्हणून."

थोरली घरभर नाचायची ती यासाठी होय, असं तिच्या मनात आलं. पण आलं ते दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसं. मग शिट्टी झाली.

सामना सुरू झाल्यावर तिने फक्त बाकावर बसलेल्या मोजल्या. बाकावर एक म्हणजे आत सहा. बाकावर चार म्हणजे आत तीन. मास्तर बोट दाखवायचे आणि ती पत्रा उलटायची. मध्यंतरापर्यंत मास्तरांचं बोट आणि तिचा हात एकाच वेळी हलायला लागले होते. मुलींचे चेहरे तिने पाहिले नाहीत. एका निळ्या मुलीच्या कोपरावर चिकटपट्टी होती, एवढं तिच्या लक्षात राहिलं, कारण ती पट्टी मॅटवर पडेल आणि नंतर आपल्यालाच काढावी लागेल, असं तिला वाटलं.

शेवटच्या मिनिटाला पाटीवर पिवळे अठ्ठावीस, निळे सव्वीस होते. निळ्यांच्या चौघी बाकावर होत्या. आत तिघी उरल्या होत्या. त्यातली चिकटपट्टीवाली चढाईला गेली. समोर सातही पिवळ्या साखळी धरून उभ्या होत्या. ती डावीकडे झुकली, उजवा पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला, डावा उचललेलाच होता, आणि हातांच्या खालून सुटून परत आली. पंचांनी गुण दिला. धाकटीने सत्तावीस केलं. निळ्यांच्या बाकावरून कुणी उठलं नाही.

आता पिवळ्यांची चढाई, तीच शेवटची. एका गुणाची आघाडी होती. पिवळ्या मुलीने निदान रेषा ओलांडून परत फिरावं, एवढं पुरेसं होतं. पण लोभ वाईट. कोपऱ्यातली मुलगी जवळ दिसली म्हणून तिने हात लांबवला. त्या कोपऱ्यातलीने तिचा घोटाच धरला, चिकटपट्टीवालीने कंबर, तिसरी पाठीवर पडली. पिवळी मधल्या रेषेकडे हात ताणत राहिली. बोटं वीतभर अलीकडे थांबली आणि तिचा दम तुटला.

शिट्टी झाली. निळ्यांच्या बाकावरच्या चौघी आत धावल्या, त्यांच्यामागे अर्धं गाव. पंच गर्दीत दिसेनासे झाले. मास्तरांचा चष्मा कुणाच्या तरी कोपराने उडाला आणि ते टेबलाखाली वाकले. धाकटीने कुणाच्या बोटाची वाट पाहिली नाही. सत्तावीसवरून दोन पत्रे उलटले. एकोणतीस.

पिवळ्यांचे व्यवस्थापक तरातरा आले. "ओ बाई, एक गुण. अठ्ठावीस-अठ्ठावीस, बरोबरी. कुणी सांगितलं दोन करायला?"

"सुपर टॅकल आहे," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघाले होते.

"कसली सुपर टॅकल? त्यांना आत्ताच गुण मिळाला होता. एक आत आली. चार होत्या त्या."

"तो बोनस होता. बोनसने कुणी उठत नाही. चौघी त्या बाकावर होत्या, शिट्टीनंतर आत पळाल्या. सातातून चार गेल्या, तीन राहिल्या."

"तुम्ही झाडू मारता ना इथं?"

"पोछा मारते."

तेवढ्यात मुख्य पंच टेबलापाशी पोचले. मास्तर चष्मा लावून वर आले आणि त्यांनी पत्रिका पुढे केली. बाद झालेल्यांच्या खुणा ओळीने होत्या. पंचांनी बोट फिरवत मोजलं आणि सहाय्यक पंचाकडे पाहिलं. त्याने चार बोटं बाकाकडे करून दाखवली. मुख्य पंचांनी निळ्यांच्या बाजूला हात करून दोन बोटं वर केली. पिवळ्यांचे व्यवस्थापक पत्रिकेवर वाकले, स्वतः मोजलं, आणि पुन्हा मोजलं. मग "ठीक आहे" म्हणून निघून गेले.

हॉलमध्ये कानठळ्या बसतील असा गलका चालू होता. धाकटी पाटीजवळ उभी होती. तिला आनंद झाला नाही, रागही आला नाही. झाडू मारता का, हेही तिला लागलं नाही. कुणीतरी तिच्या हातात कागदी फुलांचा तुरा ठेवला, तो तिने टेबलावर ठेवून दिला.

"माझं बोट खाली होतं," मास्तर म्हणाले. "तुम्ही चुकला असता तर?"

"बाकावर चार होत्या."

"थोरली असती तर..." मास्तर बोलले आणि थांबले.

"ती ओरडली असती," धाकटी म्हणाली. "मला घरी सांगितलं असतं, आणि मी हो का म्हटलं असतं."

मास्तर फडक्याने चष्मा पुसत बसले, जरुरीपेक्षा जास्त वेळ. ती पोछा आणायला गेली. मॅट एकटीने पुसायला दुप्पट वेळ लागला. चिकटपट्टी एका कोपऱ्यात सापडली.

विजेची पाटी पुढे दुरुस्त झाली. पण मास्तरांनी व्यवस्थापकांना सांगून लाकडी पाटीही मांडायला लावली आणि धाकटी तिच्यापाशी बसू लागली. पोछे सामना संपल्यावर धुतले जाऊ लागले. आवडतं का, असं मास्तरांनी एकदा विचारलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "कळतं." तेवढ्यावर विषय थांबला.

असे दोन महिने गेले. एका साध्या सरावसामन्यात, हॉल अर्धा रिकामा असताना, एक चढाईवाली बोनस रेषेपलीकडे पाय टाकून पंचांकडे बघत हात वर करून उभी राहिली. समोर पाच जणी होत्या. पाय टाकून ती तिथेच गुण मागत थांबली आणि मागून दोघींनी तिला अलगद उचललं.

"अगं पाचच आहेत, बोनस कसला मागतेस!" धाकटी एकदम ओरडली.

पंचांनी वळून पाहिलं. मुलीही पाहू लागल्या. धाकटीचे कान गरम झाले होते. तिला राग आला होता, चांगलाच, त्या बिनडोक पोरीचा. एवढं सोपं, कुणी शिकवलं नाही का हिला? मास्तर पत्रिकेवर मान घालून गुण लिहीत राहिले. धाकटीने पकडीचा एक गुण लावला आणि पुढची चढाई नीट बघता यावी म्हणून खुर्ची थोडी पुढे ओढली.