कुठलं शेत ठेवायचं

आईच्या घरून आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही, हा आमच्याकडचा कायदा. चार शेंगदाणे टाका, गुळाचा खडा टाका, पण काहीतरी असलंच पाहिजे. मी शहराच्या एका टोकाला, सीतापुऱ्यात नोकरीला लागले आणि रोजच्या जाण्यायेण्याला कंटाळून ऑफिसजवळ खोली घेतली, तेव्हा आई-बाबा राहिले शहराच्या दुसऱ्या टोकाला, विद्याधर नगरात. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात. नागपूरहून बदली होऊन आलेले. मधलं अंतर स्कूटरवर तासाभराचं, त्यामुळे डब्यांची ये-जा रविवारपुरती उरली. बाकीचे सहा दिवस आमचा व्यवहार चालायचा तो एका गेममधून.

हे सांगताना मला अजून हसू येतं. माझा जुना कन्सोल मी घरीच ठेवला होता आणि खोलीवर नवा घेतला होता. दोन्हीवर खातं एकच, माझं. आणि गेमही एकच, शेतीचा. पेरा, पाणी घाला, गाई पाळा, दिवस संपला की झोपा. झोपलं की खेळ सेव्ह होतो आणि इंटरनेट असेल तर तो क्लाउडमध्ये चढतो. दुसऱ्या कन्सोलवर गेम उघडला की तिथून खाली उतरतो. म्हणजे दुपारी आईने पाणी घातलेल्या वांग्यांची तोडणी संध्याकाळी मी करायची. आईने आधी कंट्रोलर हातात धरायलाही नकार दिला होता. महिन्याभरात ती मला सांगायला लागली, "तू झोपायच्या आधी गोठ्याचं दार लावत जा, गाय बाहेर राहते."

गाईचं नाव तिने आत्याबाई ठेवलं होतं. कारण विचारायची सोय नव्हती, बाबा समोर बसलेले असायचे.

शेतावरच्या घराच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. डब्याचा कायदा आईने तिथेही लागू केला. तिने पेटीत माझ्यासाठी काही ठेवायचं, मी ते काढून बदल्यात काही ठेवायचं. कधी मध, कधी भोपळा. ऑफिसातून शिव्या खाऊन आलं की मी आधी पेटी उघडायचे. फोनवर आम्ही दोन मिनिटांत भांडणावर यायचो, पेटीत कधी भांडण झालं नाही.

मग उन्हाळ्यात एकदा पेटीत काहीच आलं नाही. मी ठेवलेली अंडी दुसऱ्या दिवशी होती तशीच. तिसऱ्या दिवशीही. बागेत आईने संत्र्याची बारा रोपं लावली होती, त्यांनाही कुणी हात लावलेला दिसेना. मी फोनवर आडून विचारलं, "आजकाल खेळत नाहीस वाटतं?" ती म्हणाली, "खेळते की, रोज." आवाज जरा तुटक होता. मला वाटलं, कंटाळली असेल आणि सांगायचं नसेल. विचारून मोकळं व्हायला हवं होतं, पण विचारणं आमच्या रक्तात नाही. आम्ही फुगतो.

आठवडाभर फुगल्यावर मी सरळ ती संत्र्याची रोपं तोडली आणि त्या जागी मोठा गोठा बांधला. चांगला टुमदार. सहा गाई घेतल्या. पुढचे दोन आठवडे मी त्या गोठ्यासाठी अशी राबले की ऑफिसात इतकी राबले असते तर केव्हाच वरच्या पदावर गेले असते.

मधल्या रविवारी घरी गेले तेव्हा रागाने मी गेमचं नावही काढलं नव्हतं. त्यानंतरच्या रविवारी मी सकाळी खोलीवर तासभर खेळून, मग येताना कांद्याच्या कचोऱ्या घेऊन घरी पोचले. आई स्वयंपाकघरात होती, बाबा पेपर वाचत होते. मी टीव्ही लावला, कन्सोल लावला, गेम उघडला, आणि पडद्यावर एक चौकट आली. या कन्सोलवरचा डेटा आणि क्लाउडमधला डेटा जुळत नाही. कुठला ठेवायचा? खाली दोन ओळी. या कन्सोलवरचा, काल दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. क्लाउडमधला, आज सकाळी सव्वानऊ.

आजचा म्हणजे माझा. कालचा म्हणजे आईचा. म्हणजे आई खरंच खेळत होती!

"इंटरनेट बंद होतं का इथलं?" मी ओरडले.

बाबांनी पेपर खाली घेतला. "बंद कशाला? मीच बंद करतो. मागचा राउटर व्होल्टेजने जळला ना. आता ड्युटीला निघताना बोर्डाचं बटण बंद करूनच जातो. आल्यावर चालू."

झालं. आई खेळायची दुपारी, बाबा ड्युटीवर असताना. तिच्या फोनला मोबाइलचं नेट, त्यामुळे राउटर बंद असल्याचा तिला पत्ताच नाही. घरचा कन्सोल खात्यावर मुख्य म्हणून नोंदवलेला, म्हणून गेम इंटरनेटशिवायही बिनबोभाट चालायचा. तिचं शेत त्या कन्सोलच्या डब्यातच साठत राहिलं आणि माझं क्लाउडमध्ये. तीन आठवडे आम्ही दोघी एकाच शेतात राबतोय असं समजत होतो आणि शेतं झाली होती दोन.

"मग दोन्हीचं मिळून एक करून टाक," बाबा म्हणाले. "तुझ्या गाई, हिचं पीक."

"तसं होत नाही बाबा. अख्खं शेत एकच फाइल आहे. एक ठेवलं की दुसरं त्याच्याखाली पुसलं जातं."

बाबांनी मान हलवली. "समजलो. दोन सिग्नलांमधल्या एका ब्लॉकमध्ये एकच गाडी."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. मी तिला समजावलं. मला वाटलं होतं तितका वेळ लागला नाही, ती चटकन म्हणाली, "तुझंच ठेव. तू एवढी मेहनत करून राहिली. माझं काय, टाइमपास."

आणि मी खरं सांगते, मला माझंच ठेवायचं होतं. सहा गाई होत्या माझ्या. दोन वासरं. बोट त्या बटणावर गेलंही होतं. पण आईचा तो 'टाइमपास' मला खटकला. इतक्या घाईने ती कधी कशावरचा हक्क सोडत नाही, भाजीवाल्या भैयाकडून फुकटची कोथिंबीर घेतल्याशिवाय हलत नाही ती.

मी चौकट रद्द केली. "बाबा, राउटर बंद करा."

"आत्ता तर म्हणालीस की..."

"बंद करा हो! आधी हिचं शेत बघू दे."

नेट नसल्यावर गेमने काही विचारलं नाही, कन्सोलवरचं शेत सरळ उघडलं. बाराच्या बारा झाडं उभी होती, संत्र्यांनी लगडलेली. मधून पायवाट. कडेला विहीर, विहिरीशेजारी बसायला बाक. ओळीत कुठे वाकडेपणा नाही. आईच्या माहेरी काटोलकडे संत्र्याची बाग होती, ती मी लहानपणी पाहिली होती. विहीर उजव्या हाताला होती, इथेही उजव्या हाताला.

"बाक होता का गं तिथे?" मी विचारलं.

"नव्हता. मला पाहिजे होता."

मी दाराशी गेले आणि पेटी उघडली. पेटी काठोकाठ भरलेली होती. संत्री, संत्री, मधाच्या बाटल्या, पुन्हा संत्री. रोजची वेगळी ठेवलेली.

"तू काही घेतच नव्हतीस," आई म्हणाली. ती पडद्याकडे बघत होती. "मी म्हटलं, असू दे, बिझी असेल. मग वाटलं, आता तुला आमच्याकडचं काही लागत नसेल. मतलब, मोठी झाली पोरगी."

"मग बोलली काऊन नाहीस?"

"काय बोलायचं? गेममधली संत्री काऊन खात नाहीस म्हणून भांडू तुझ्याशी?"

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच येतात मला. मी पण अंडी ठेवली होती, मी सांगितलं. तुझ्या पेटीत ती पोचलीच नाहीत. आणि मग मी तिला गोठ्याबद्दल सांगितलं. कुठल्या जागेवर बांधला तेही. सांगितलं नसतं तर तिला कळलं नसतं, पण मग कुणाचं शेत ठेवायचं, या निवडीला काही अर्थच उरला नसता.

आईने मिनिटभर माझ्याकडे पाहिलं. "माझी रोपं तोडलीस?"

"हो."

"बाराही?"

"बाराही."

"बापावर गेलीस," ती म्हणाली. बाबा राउटरपाशी उभे होते, त्यांनी हरकत घेतली नाही. त्यांची बाजू आज एकूणच पडती होती.

मी झोपायला न जाताच गेम बंद केला, म्हणजे त्या शेतात काही बदल व्हायला नको. बाबांनी राउटर लावला. गेम उघडला, पुन्हा तीच चौकट, तेच दोन पर्याय. मी माझ्या गोठ्याचा फोटो फोनमध्ये शोधला, सकाळीच मिरवायला काढलेला, आणि तो एकदा सगळ्यांना दाखवला. आई म्हणाली, "छान आहे गं गोठा," आणि ते तिने मनापासून म्हटलं. मग मी 'या कन्सोलवरचा डेटा' निवडला. क्लाउडमधला डेटा पुसला जाईल, परत मिळणार नाही, चालेल का? मी चालेल म्हटलं. निळी पट्टी सरकत गेली आणि ती भरेपर्यंत बाबा बोर्डावर हात ठेवून उभे होते, कुणी चुकूनही बटण दाबू नये म्हणून. दाबणारे घरात तेच एकटे होते, आणि ड्युटीला जातानाही आता ते दाबायचं नाही असं आईने त्यांना बजावलं.

सोमवारी संध्याकाळी खोलीवर मी गेम उघडला. इथल्या कन्सोलने काही विचारलं नाही. क्लाउडमधलं नवं होतं, ते त्याने खाली घेतलं आणि माझ्या गाई निघून गेल्या. अर्धा तास मला वाईट वाटलं. वासरांचं जास्त वाटलं. मग मी पेटी उघडून आतलं एकूण एक संत्रं काढून घेतलं. बदल्यात ठेवायला माझं असं काहीच उरलं नव्हतं, म्हणून तळ्यावर जाऊन गळ टाकून बसले. एक लहानशी मासोळी लागली. तीच पेटीत ठेवली आणि झोपले.

मंगळवारी दुपारी मी मीटिंगमध्ये होते तेव्हा आईचा फोन आला. ती दुपारी कधी फोन करत नाही, म्हणून घाबरून बाहेर येऊन उचलला.

"अगं, संत्री नाहीत पेटीत!"

"मी घेतली."

"सगळी?"

"सगळी."

मग ती म्हणाली, "बरं केलंस बाई," आणि पुढे काही न बोलता फोन ठेवून दिला.