सहा टप्पे, अकरा आठवडे

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, साधा पंखा पुसायचा तरी आधी विचारून घेत. शिडी कोण धरणार, वीज किती वेळ बंद, खाली चादर अंथरायची की नाही. आम्ही हसायचो. ताई म्हणायची, "पंखा पुसून होतो तोवर ह्यांचं ठरतंय." पण ती त्यांची खोड नव्हती, तो त्यांचा धंदा होता. कागदाच्या कारखान्यात ते देखभालीचं नियोजन करायचे. वर्षातून एकदा बारा दिवस सगळी यंत्रं बंद ठेवून दुरुस्ती व्हायची. त्या बारा दिवसांत कुठला पंप कधी उघडायचा, कुणी उघडायचा, किती तासांत बंद करायचा, हे दाजी एका भल्यामोठ्या कागदावर मांडायचे. एकवीस वर्षांत यंत्रं एकदाही उशिरा सुरू झाली नाहीत. मग कारखानाच बंद झाला, आणि ते मात्र कुणी त्यांना आधी सांगितलं नाही.

दाजी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. सात महिने घरी बसले. घरी बसलेला पुरुष म्हणजे काय असतो ते ताईच्या घरात मी पाहिलं आहे. कपाटांच्या बिजागऱ्यांना तेल झालं, नळाचे वायसर झाले, गच्चीची गळती झाली. दुरुस्त करायला काही उरलं नाही तेव्हा ते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायला लागले, आणि ताई मला फोनवर हळू आवाजात बोलायला लागली.

आता माझ्याबद्दल सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी एका विमा कंपनीच्या कचेरीत वरिष्ठ कारकून आहे. तिथे कधी मुलाखती असल्या की उमेदवारांची नावं पुकारायला आणि साहेबांना पाणी द्यायला मला आत बसवतात. एवढ्या भांडवलावर मी घरात नोकरीच्या बाबतीतला जाणकार होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. दाजी मला थट्टेने 'पंडित' म्हणायचे. थट्टा होती हे मला कळायचं, पण आवडायचं.

एका मोठ्या औषध कंपनीत देखभाल नियोजकाची जागा निघाली. दाजींनी अर्ज केला. चार दिवसांनी निरोप आला की कंपनीच्या भरती विभागातल्या बाई मंगळवारी अकरा वाजता फोन करतील. ताईने मला बोलावलं. मी अर्धी रजा टाकून गेलो.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दाजी दाढी-बिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. फोनवर कोण शर्ट बघणार, पण असो. समोर एक कागद होता. त्यावर त्यांनी प्रश्न लिहिले होते: एकूण टप्पे किती? प्रत्येक टप्प्यात काय असतं आणि कोण घेतं? दोन टप्प्यांच्या मध्ये साधारण किती दिवस? शेवटचा निर्णय कोण करणार आणि कधीपर्यंत?

मी वाचलं आणि हसलो. "दाजी, हे विचारणार तुम्ही? पहिल्याच फोनवर?"

"का? काम हातात घ्यायचं तर किती दिवसांचं आहे हे नको कळायला?"

"काम त्यांनी अजून दिलंय कुठे? अजून मुलगी बघायचाही कार्यक्रम नाही आणि तुम्ही तारीख विचारताय. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यांना वाटेल, माणूस घायकुतीला आलाय. नाहीतर वाटेल, दुसरीकडे कुठेतरी ठरतंय आणि भाव खातोय. गरजवंताने गप्प बसावं."

"दुसरीकडे ठरतंयच की," ताई म्हणाली. खोके बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याने दाजींना आदल्याच आठवड्यात भेटून जायला सांगितलं होतं.

"म्हणूनच तर," मी म्हणालो. कशाचं 'म्हणूनच' ते मला आजही सांगता येणार नाही.

अकराला फोन आला, दाजींनी स्पीकर लावला. बाई तरुण होत्या, आवाज चांगला होता. अनुभव विचारला, कारखाना का बंद झाला ते विचारलं, कधी रुजू होऊ शकाल ते विचारलं. दाजी छान बोलले. शेवटी बाई म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय का, सर? भरतीच्या प्रक्रियेबद्दल वगैरे?"

ह्याहून स्पष्ट दार कुणी उघडून देत नाही. दाजींनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही.

"नाही मॅडम," दाजी म्हणाले. "सगळं स्पष्ट आहे."

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या दोन अभियंत्यांनी संगणकावरून मुलाखत घेतली. ती इतकी रंगली की चाळीस मिनिटांची सव्वा तास चालली. दाजी खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कित्येक महिन्यांनी असा खुललेला पाहिला. आणि दोनच दिवसांनी खोक्यांच्या कारखान्याचं पत्र आलं. नियोजन पर्यवेक्षकाची जागा. पगार कमी, पण काम ओळखीचं आणि घरापासून जवळ. शनिवारपर्यंत होकार द्या, सोमवारी रुजू व्हा.

दाजींनी फोन उचलला. "त्या बाईंना सरळ विचारतो. अजून किती राहिलंय, किती दिवस लागतील. माझ्या हातात हे पत्र आहे, शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय, हेही सांगतो. जमत असेल तर ते घाई करतील, नसेल तर नाही म्हणतील."

ह्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. मी मात्र त्यांच्या हातावर हात ठेवला. "धमकी दिल्यासारखं वाटेल, दाजी. बनत आलेलं बिघडवू नका. नुसता आभाराचा निरोप पाठवा."

त्यांनी आभाराचा निरोप पाठवला. तासाभरात उत्तर आलं: 'तुमच्याबद्दल अभिप्राय खूपच चांगला आहे. पुढचं लवकरच कळवते.' मी तो निरोप ताईला मोठ्याने वाचून दाखवला. 'लवकरच' म्हणजे आठवडा, फार तर दहा दिवस, असा अर्थही मीच लावला. आमच्या कचेरीत एकच मुलाखत असते आणि पंधरा दिवसांत पत्र निघतं. सगळं जग आमच्या कचेरीसारखंच चालतं ही माझी समजूत.

शनिवारी दाजींनी खोक्यांच्या कारखान्याला नकार कळवला. ताई भाजी निवडत होती, आणि बराच वेळ एकच जुडी निवडत राहिली.

दहा दिवसांनी पुढचं कळलं: लेखी परीक्षा आहे. दाजींनी दिली. मग अडीच आठवडे काही नाही. मग कारखाना प्रमुखांसह चौघांसमोर मुलाखत. तीही उत्तम झाली. मग जुन्या वरिष्ठांकडे चौकशी. मग शांतता. दर वेळी आम्हाला वाटायचं, हा शेवटचा. दाजी फोन उशाशी घेऊन झोपायचे, न्हाणीघरात नेऊन खिडकीत ठेवायचे. मधल्या काळात दुसरीकडे अर्ज करा असं मी म्हणालो नाही. उलट, "आता इथवर आलंय, दुसरीकडे कशाला वणवण करता," असं म्हणालो. हेही लिहून टाकतो, राहायला नको.

पहिल्या फोनला बारावा आठवडा लागला तेव्हा त्या बाईंचा फोन आला. मी त्या दिवशीही तिथेच होतो. मुख्यालयाने शेवटच्या मंजुरीच्या वेळी ती जागा कंपनीच्याच दुसऱ्या कारखान्यातल्या माणसाला दिली होती. बाईंना खरंच वाईट वाटत होतं, ते ऐकू येत होतं.

दाजी म्हणाले, "ठीक आहे मॅडम. फक्त एक सांगा. एवढे दिवस लागतील हे तुम्हाला आधी माहीत होतं का?"

"हो सर. ह्या पदासाठी सहा टप्पे, साधारण अकरा आठवडे. शेवटची मंजुरी मुख्यालयाची. पहिल्या दिवसापासून तक्ता तयार असतो. पहिल्या फोनवर उमेदवार विचारतात, आम्ही तो पाठवून देतो. तुम्ही काही विचारायचं नाही म्हणालात, तेव्हा मला वाटलं तुम्हाला घाई नसावी. मीच आपणहून सांगायला हवं होतं. दुसरी संधी हातात असेल तर कळवा, असंही मी सांगते सगळ्यांना. कधीकधी दोन टप्पे एका दिवशी घेता येतात."

दाजींनी त्यांचे आभार मानले. आभार! मग फोन पालथा ठेवला आणि उठून गॅलरीत गेले. ताईने माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला त्या बाईंचा राग येत होता, मुख्यालयाचा येत होता, आणि ह्या सगळ्या रागाखाली मी जो बसलो होतो त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

खोक्यांच्या कारखान्यात दाजी स्वतः जाऊन आले. ती जागा दुसऱ्याच आठवड्यात भरली होती. तेल गेलं, तूप गेलं, धुपाटणं तेवढं हाती राहिलं. पुढच्या पाच महिन्यांत तीन ठिकाणी मुलाखती झाल्या, आणि प्रत्येक ठिकाणी वर्षभराच्या खंडाबद्दल विचारलं गेलं. आता ते एका कुरिअर कंपनीच्या गोदामात पार्सलांची वर्गवारी करतात. दिवसभर उभं राहून. त्यांचा वरिष्ठ सव्वीस वर्षांचा आहे आणि तो त्यांना काका म्हणतो. काम कसं आहे विचारलं की दाजी म्हणतात, "चालतंय." मला दोष देणारा एक शब्दही ते कधी बोलले नाहीत. नात्यात कुणी विषय काढला तर म्हणतात, "माझंच चुकलं, विचारायला हवं होतं." तेव्हा मी पानात बघत जेवतो.

पंडित म्हणायचं मात्र त्यांनी सोडलं.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. माझी भाची, चिऊ, शेवटच्या वर्षाला आहे. दुसऱ्या दिवशी तिला एका कंपनीच्या भरती विभागाकडून पहिला फोन येणार होता. पोर हरखून गेली होती. वही-पेन घेऊन ती सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन बसली, लहानपणी गणितं घेऊन बसायची तशी. "मामा, तू मुलाखती बघितल्यास ना? सांग, मी त्यांना काय काय विचारू?"

मी तोंड उघडलं होतं. ह्या वेळी मला बरोबर उत्तर माहीत होतं.

"मामाला नको विचारूस," दाजी आतल्या खोलीतून म्हणाले. आवाजात राग नव्हता. रविवारीही गोदामात उभं राहून सुजलेले पाय ते गरम पाण्यात टाकून बसले होते. "इकडे ये, मी सांगतो."

चिऊने माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "जा, बाबा बोलावतायत."

ती वही घेऊन आत गेली, आणि जाताना दार लोटून घेतलं.