हेल्मेटवरचं आईचं नाव

मी जुन्या मोटरसायकलींचा व्यापारी. आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या रस्त्याला एका दुकानामागे दोन गाड्या उभ्या करून धंदा सुरू केला. आता वाशिममध्ये माझं स्वतःचं शेड आहे. एक किक मारून मी गाडीची किंमत सांगतो, आणि समोरचा माणूस कुठल्या आकड्यावर थांबेल तेही त्याच्या आवाजावरून सांगतो. मोठेपणासाठी हे लिहीत नाही. ज्या सौद्याबद्दल लिहायचं आहे, त्यात समोरच्याच्या आवाजातलं मला काहीच कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

समोरचा म्हणजे माझा भागीदार. त्याचं कृषी केंद्र आहे. माझ्या पहिल्या दोन गाड्या त्याच्याच दुकानामागे उभ्या होत्या. तो आमच्या वस्तीतला नाही. माझ्या घरी बुद्धाची मूर्ती आहे, त्याच्या घरी देवघर. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात हा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता.

बाईक टॅक्सीची कल्पना माझी. बसस्टँडवरून कोर्टात, दवाखान्यात, कलेक्टर कचेरीत जाणारा एकटा माणूस अख्खा ऑटो कशाला करील? सरकारनं इलेक्ट्रिक दुचाकींना परवानगी दिल्याचं कळलं. आपल्या शहराला ते लागू होतं की नाही, हे विचारायला आरटीओत चपला झिजवल्या. किमान पन्नास गाड्या दाखवाव्या लागतात, म्हणून त्याला भागीदार केलं. परवाना हाती नव्हता तोवर भाडं घ्यायचं नाही, असं ठरवून येईल त्याला फुकट नेऊन-आणून आम्ही गाड्या, फोन, ॲप सगळं तपासत होतो. राहिलं होतं नाव.

नाव म्हणजे शेवटी लावायची पाटी, असं मला वाटायचं. तसं नसतं. वकिलानं पहिल्याच दिवशी सांगितलं की ‘जलद’, ‘वेगवान’ असले शब्द ट्रेडमार्कला चालत नाहीत, कारण धंद्याचं वर्णन करणारा शब्द एकट्याच्या मालकीचा होत नाही. दुसऱ्या कुणी वाहतुकीसाठी घेतलेल्या नावाशी जुळलं तरी अडतं. ॲपमध्ये लोक ते इंग्रजीत टाइप करणार, तेव्हा स्पेलिंग एकाच तऱ्हेनं सुचलं पाहिजे. आणि चालवणाऱ्याला ते दिवसभर फोनवर बोलायचं आहे, गाडीवर, हेल्मेटमधून, एसटीच्या हॉर्नमध्ये.

मी म्हणालो, माझ्या आईचं नाव ठेवायचं.

ते नाव इथं लिहीत नाही. लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला ती कोणत्या घरातली ते लगेच कळलं असतं. तीन अक्षरांचं, साधं. कापूस वेचून, दुसऱ्यांचं निंदण करून तिनं माझ्या पहिल्या गाडीच्या पैशात भर घातली होती. तिच्या नावानं काहीच नव्हतं. सातबारा नाही, घर नाही. शेडवर माझं आडनाव आहे, तेही पेंटरनं न विचारता टाकलं.

भागीदारानं चहा संपवला. मग म्हणाला, “बायकोचं, पोरीचं नाव टाकतात लोक, ते ठीक हाय. पण मायचं टाकलं त लोकाईले इचारा लागन ना, कोणाची माय?”

“माही माय.”

“ते मले माहीत हाय बे. गावाले काय माहीत?”

“माहीत झालं त काय होते?”

“काही नाही होत. मी सांगून राह्यलो फक्त.”

एवढंच. मी उठलो, त्याच्या काउंटरवरचा बियाण्यांच्या पाकिटांचा स्टँड लाथेनं पाडला आणि बाहेर पडलो. राग आला की माझं तसंच होतं. तासाभरात डोकं शांत झालं, पण ‘कोणाची माय’ हे शब्द शांत झाले नाहीत. गावाला कळू नये म्हणून म्हणाला, की नुसतंच म्हणाला? विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. सौद्यात पहिला प्रश्न मी कधी करत नाही.

सौदा मात्र केला. त्याच्याकडे त्याचं एक नाव होतं, ‘लाही’. ज्वारीची फुटलेली लाही. हलकी, दोन अक्षरं. वकिलाला ते लगेच पटलं, कारण लाहीचा आणि गाडीचा काही संबंध नाही. मी म्हणालो, अर्ध्या गाड्यांच्या हेल्मेटवर तुझं नाव, अर्ध्यांवर माझं. आठवडा जाऊ दे. चालवणाऱ्यांच्या तोंडात जे बसेल ते ठेवू. तो लगेच हो म्हणाला. इतक्या लवकर कुणी हो म्हटलं की मी एरवी सावध होतो.

बसस्टँडसमोर मी चालवणाऱ्यांना उभं केलं आणि एकेकाला ही दोन्ही नावं आणि वकिलाकडे पाहिलेली बाकीचीही घ्यायला लावली. आमच्याकडच्या निम्म्या पोरांच्या गालात खर्रा असतो. सुपारी-तंबाखूचा घोटलेला खर्रा भरला की माणूस मान वर करून बोलतो, म्हणजे ओठातून काही सांडत नाही. ऑफिसात बसून पाहिलेली सगळी नावं तिथं कोसळली. ज्या नावात ‘प’ किंवा ‘फ’ होता, ते घेताना समोरच्याच्या शर्टावर लाल ठिपके आले. ‘लाही’ मान वर करूनही नीट आलं. आईच्या नावात ओठ मिटावे लागतात. पोरं ते घेताना आधी थुंकायला बाजूला जायची.

“थुकून या अन् मंग नाव घ्या,” मी म्हणालो.

आमच्याकडे एकच बाई गाडी चालवते. नवरा पुण्याकडे कामाला जातो, ही इथं सासूजवळ. ती खर्रा खात नाही. ती हसून म्हणाली, “भाऊ, तुमी इथं उभे हा म्हणून थुकून राह्यले. तुमी गेले का गिळतीन, नावासकट.”

“तू घे.”

तिनं घेतलं. स्पष्ट, पटकन, तिन्ही अक्षरं. मला वाटलं, झालं.

पुढचे दिवस मी दुसऱ्याच्या फोनवरून गाड्या मागवत राहिलो. पोरं आईचं नाव घेऊन बोलत होती. “हॅलो, अमुक बोलून राह्यलो, कुठं उभे हा?” घाईत मधलं अक्षर जायचं, पण नाव ओळखू यायचं. माझ्या धाकानं घेत होती हे मला कळत होतं. धाकानं का होईना, घेत होती. भागीदाराच्या गाड्यांची पोरं ‘लाही, लाही’ करत फिरत होती. मी मनातल्या मनात त्याला हरवूनही ठेवलं होतं.

मग एका दुपारी कोर्टासमोरच्या टपरीवर मी चहा घेत होतो. केनवड गावाकडचे दोघं तारखेला आले होते. एक आधी पोचला होता, दुसरा मागोमाग आला. पहिल्यानं विचारलं, “कायच्यावर आला बे इतक्या लवकर? ऑटो त भरतच नोहता.”

दुसरा म्हणाला, “तिच्यावर बसून आलो.” आणि आईचं नाव घेतलं.

“कशी हाय?”

“मस्त हाय. दणके नाही बसत. अन् फुकट हाय सध्या. तूबी बस.”

पहिला हसला. दुसराही हसला, म्हातारे होते दोघं, पण हसले. टपरीवाल्यानं विचारलं, “चढू देते का कोणालेबी?” मग तिघंही हसले. कुणाला काही ठाऊक नव्हतं. मी कोण, ते नाव कुणाचं, काहीच नाही. ते गाडीबद्दल बोलत होते. गाडीबद्दल आमच्याकडे असंच बोलतात. मीसुद्धा गिऱ्हाईकाला म्हणतो, बसून पाहा, दणके देते का पाहा.

मी लाथ मारायला हवी होती. माझ्या स्वभावाप्रमाणे बाकडं उलटायला हवं होतं. मी चहाचा ग्लास पाण्याच्या बादलीत बुडवला, विसळला, उपडा ठेवला. टपरीवाला म्हणाला, “राहू द्या ना भाऊ, पोरगी धुते.” मी पैसे दिले. आत काही हललं नाही. हात बधिर झाल्यावर त्यावर चिमटा काढावा तसं, दिसतं पण कळत नाही.

शेडवर आलो तेव्हा ती चालवणारी बाई बॅटरी चार्जिंगला लावत होती. तिला विचारलं, “लोकं असे बोलतात, तुले माहीत होतं?”

“पह्यल्या दिवसापासून.”

“मंग सांगतलं कायले नाही?”

तिनं वायर नीट गुंडाळली. “तुमाले कसं सांगू भाऊ? तुमची माय हाय. मले त रोजच बोलतात, मी गाडीवर हावो म्हणून.”

भागीदाराला मी फोन केला. झालेलं सांगितलं, जसंच्या तसं.

“मी तेच म्हणत होतो तुले,” तो म्हणाला.

“तू हे नाही म्हटलं. तू म्हटलं, कोणाची माय.”

“तेच त. असं तोंडावर कसं म्हणू मी?”

हे खरं असेल. पहिल्या दिवशीच त्याला लोकांच्या तोंडी ते नाव कसं येईल ते दिसलं असेल, आणि सांगायची लाज वाटली असेल. किंवा आता सोयीचं सापडलं म्हणून तेच पकडलं असेल. आवाज सारखाच होता. जुनी गाडी दुरुस्त करून, रंग मारून समोर आणली, तर मी कुठं वेल्डिंग आहे ते बोटानं सांगतो. इथं बोट फिरवत राहिलो.

“लाही टाक,” मी म्हणालो.

“नाही, अजून एखादं पाहू ना. घाई नाही.”

“टाक.”

अर्जात नाव गेलं. वकिलानं सही घेताना विचारलं, समाधान आहे ना दोघांचं. भागीदार हो म्हणाला. मीही हो म्हणालो, आणि सही केली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी काढला नाही, त्याचं ओझंही वाटलं नाही.

राहिली होती हेल्मेटं. स्टिकर पोरांकडून काढून घ्यावेत असा विचार केला होता, पण त्यांनी नखानं खरवडलं असतं, अर्धं नाव फाटून अर्धं राहिलं असतं. म्हणून शेडचं शटर अर्धं ओढून मी स्वतः बसलो. गरम हवेची मशीन लावली की गोंद सैल होतो आणि स्टिकर अख्खा निघतो. एकेक काढत गेलो. खाली राहिलेला चिकटा पेट्रोलच्या बोळ्यानं पुसला. हेल्मेटं कोरी, पिवळी झाली.

काढलेले स्टिकर एकमेकांना चिकटून हातात गठ्ठा झाला होता. कचऱ्याचा डबा शटरजवळ होता. पोरं त्यात खर्रा थुंकतात. मी तिथपर्यंत गेलो, परत आलो. जाळायचं म्हटलं तर प्लास्टिक, आणि आईला एकदा सरणावर जाळलं होतं. मग जुन्या गाड्यांच्या टाक्या ठेवतो त्या फळीवर, मागच्या बाजूला, तो गठ्ठा दाबून चिकटवला. लाकडाला पक्का बसला.

बाहेर ती चालवणारी बाई कोरं हेल्मेट घालून फोनवर बोलत होती, “हॅलो, लाही बोलून राह्यली, कुठं उभे हा?” मी शटर वर केलं.