दोन टक्के

अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात मी डॉक्टर होते, तेव्हाची गोष्ट. दर्यापूरकडच्या शेतकरी घरातली एक सून बैलगाडीतून आणली. ओठ पांढरे, जिना चढायला दम नाही. सासूला एकच शंका होती.

"डॉक्टरीणबाई, इचं अंगावरून जाते अन् हे लपवून राह्यली. बाहेर बसा लागते म्हणून."

"मी काहून लपवू?" सून म्हणाली. "जातच नाही, तं सांगू काय?"

रक्त वाहत असेल किंवा अंगातल्या अंगात नासत असेल, तर हाडांतला मगज घाईनं नव्या तांबड्या पेशी बाहेर ढकलतो. मगजच बसला असेल, तर नव्या पेशी येत नाहीत. या कोवळ्या पेशींना रेटिक्युलोसाइट म्हणतात. ताज्या रक्तात निळा रंग मिसळला की त्यांच्यात जाळी उमटते. मी काचपट्टी केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली हजार पेशी मोजल्या. वीस जाळीच्या निघाल्या. दोन टक्के.

थोरला दीर अकोल्याला वकील होता. तो मुद्दाम आला होता.

"निरोगी माणसात किती असतात?"

"एक टक्क्याच्या आसपास."

"म्हणजे दुप्पट! मग मगज काम करतोय. रक्तच जातंय. आई म्हणते ते खरं."

"वकीलसाहेब, टक्के कशाचे? हिच्या तांबड्या पेशी पाचव्या हिश्शावर आल्यात. त्यातले दोन टक्के म्हणजे निरोग्याच्या निम्मेही नाहीत. रक्त वाहत असतं तर या घटकेला कितीतरी पट दिसले असते. तुमची भावजय काही लपवत नाही."

सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "ऐकलं का, आत्याबाई?"

वकील हळू आवाजात म्हणाला, "रक्तस्राव असता तर थांबवता आला असता."

ते बरोबर होतं. लपवलेलं निघालं असतं तर मलाही हायसं वाटलं असतं.

एक वाट उरली होती. मगजाला लागणारं द्रव्य कमी पडत असेल, तर यकृताच्या अर्काची सुई दिल्यावर आठवड्याच्या आत जाळीच्या पेशी उसळून येतात. सुया दिल्या. रोज काचपट्टी केली. आकडा वर गेला नाही, खाली आला. मग हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, अंगावर निळे डाग उठले. पांढऱ्या पेशीही घटल्या होत्या. मगज सगळंच बनवायचं सोडत होता. तिच्या भावाचं रक्त जुळलं, ते चढवलं. गालांवर रंग आला आणि काही दिवसांत ओसरला. उसना रंग तो. जाळी दिसेना.

सासू दाराशी आली. "घरी नेतो आमी. इले खाऊ काय घालू, बाई? पथ्य सांगा."

"पथ्य नाही. मागेल ते द्या."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग पदर तोंडात धरला आणि गाडी जुंपायला सांगायला गेली.