शिंक आली आणि काही झालं नाही

पोरगी सव्वा महिन्याची झाली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझं शरीर माझं ऐकत नाही. साधा खोकला आला आणि साडी ओली झाली. मी सासूबाईंना सांगितलं. त्या बाळाला तेल लावत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "बाईमाणसाचं आसंच आसतं. आमी काय केलं? पदर खोचला आन रानात गेलो." विषय संपला.

त्यांचा संपला, माझा कसा संपणार? मी एसटीत कंडक्टर आहे. सातारा–सांगली गाडी. दिवसभर उभं राहून तिकिटं फाडायची, म्हणजे आता मशीन आहे, पण उभं राहणं तेच. गतिरोधकावर गाडी आदळली की अख्खी गाडी उडते आणि गाडीबरोबर मी. सहा महिन्यांची रजा संपली की याच गाडीत परत चढायचं होतं. हे असंच राहिलं तर नोकरी सोडावी लागेल, आणि कारण विचारलं तर काय सांगायचं, ही काळजी मला रात्रंदिवस पोखरत होती. नवरा सैन्यात, फोनवर. त्याला म्हटलं तर तो म्हणाला, "डॉक्टरला दाखव की." एवढंच. आणि तेही बरोबरच होतं म्हणा.

पण मी आधी डॉक्टरकडे गेले नाही. मी मोबाईलवर बघितलं. लघवी करताना मधेच धार थांबवायची, हाच व्यायाम, असं त्यात एक बाई हसत हसत सांगत होती. मला वाटलं, अगं हे तर आपल्या डाव्या हातचा मळ! लघवी रोखून धरण्यात आम्हा लेडीज कंडक्टरांचा हात कोण धरणार? सकाळी घोटभर चहा, मग पाणी नाही, आणि थेट सांगली. वर्षानुवर्षं तेच केलंय. म्हणून मी रोज, प्रत्येक वेळी, धार तोडायला लागले. वर तासन् तास धरून बसायची, म्हटलं तेवढी ताकद वाढेल. पाणीही कमी केलं. आठवडे गेले. गळणं कमी व्हायचं नाव नाही, उलट जळजळ सुरू झाली.

मग गेले एकदाची सांगलीच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी जळजळीला औषध दिलं आणि सांगलीतच एका फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे पाठवलं. तरुण होत्या, माझ्यापेक्षा लहान असतील. हातमोजा घालून तपासायचं आहे, चालेल का, असं त्यांनी विचारलं. बाळंतपणात कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मला ते लक्षात राहिलं. मग म्हणाल्या, "आता आतून आवळा." मी श्वास रोखला, पोट ताठ केलं आणि सगळी ताकद लावली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तुम्ही आवळत नाही, खाली ढकलताय."

मला राग आला. इतके आठवडे जीव काढून केलं आणि ते उलटं? पण चूक कुठून आली ते मला तिथंच कळलं. बाळंतपणात चारी बाजूंनी सगळे 'जोर लाव, जोर लाव' म्हणत होते. ताकद लावायची म्हणजे श्वास कोंडून खाली रेटायचं, शरीरानं एवढंच डोक्यात घेतलं होतं. त्यात घरी पोट सुटू नये म्हणून जुन्या लुगड्यानं करकचून बांधलेलं. वरून दाबलं की जोर जाणार कुठं? खालीच.

बाईंनी मग नीट सांगितलं. आधी लघवीला जाऊन यायचं, कारण भरल्या पिशवीवर हा व्यायाम करायचा नाही. धार तोडणं म्हणजे व्यायाम नव्हे. कुठले स्नायू आहेत ते कळावं म्हणून फार तर एकदा बघायचं, रोज केलं तर पिशवी नीट रिकामी होत नाही. गुडघे वाकवून उताणं पडायचं. गॅस आणि लघवी दोन्ही एकदम थांबवल्यासारखं करायचं, म्हणजे आतलं वर ओढलं जातं. पोट, मांड्या, बूड सैल. श्वास चालू. जमेल तेवढं धरायचं, मग पूर्ण सोडायचं आणि तेवढाच वेळ थांबायचं. "सोडणंही तेवढंच महत्त्वाचं," त्या म्हणाल्या. असं दहा वेळा, मग दहा झटपट, दिवसातून तीनदा. आणि खोकला-शिंक येतेय असं वाटलं, बाळ उचलायचं झालं, की आधी आवळून घ्यायचं. पाणी मात्र भरपूर प्यायचं.

पहिल्या दिवशी माझे तीन आकडे मोजून व्हायच्या आत सुटायचं. लाज वाटली.

"किती दिवसांत बरं होईल?" मी विचारलं.

"थोडा फरक काही आठवड्यांत जाणवेल. खरा फरक कळायला तीन महिने तरी धरा, काहींना त्याहून जास्त लागतात. तीन महिन्यांनी काहीच फरक नसेल तर परत या, पुढं बघू. पण मधेच सोडू नका."

माझी रजा त्याआधी संपत होती. मी हिशेब केला आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी टिश्यू पुढं केला.

घरी आले, लुगडं सोडून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "पोट सुटंल बग." म्हटलं, सुटू दे. मग सुरू झालं. पोरीला पाजताना, तांदूळ निवडताना, आडवं पडल्यावर. या व्यायामाचं वाईट हे की कुणाला काही दिसत नाही. घाम नाही, धाप नाही, कौतुक नाही. कंटाळून जायची मी. कधी पोरगी रडायची, कधी मीच मधेच झोपून जायची.

कामावर गेले तेव्हा दहा आकडे जमत होते, पण गळणं पूर्ण थांबलं नव्हतं. पहिल्याच दिवशी कराडच्या पुढं गाडी आदळली आणि थोडं गेलं. पॅड होतं म्हणून निभावलं. त्या दिवशी सांगली स्टँडवर मी बाकावर बसून राहिले, सोडून द्यावी नोकरी म्हणून. ड्रायव्हरनं येऊन विचारलं, "ताई, चहा?" म्हटलं, नको. मग म्हटलं, आणा. चहा प्यायले, बाथरूमला जाऊन आले आणि परतीची गाडी काढली. दुसरं करणार तरी काय होते?

पुढं केव्हातरी, नेमका दिवस सांगता येणार नाही, एका आजीच्या पिशवीतून मिरचीची पूड उडाली. मला शिंक येतेय असं वाटलं, मी आधी आवळलं, आणि शिंकले. दोनदा. काही झालं नाही. कोरडी! मी तिथंच मशीन धरून उभी राहिले. आजी म्हणाली, "अर्धं तिकीट हाय न्हवं माझं?" म्हटलं, हाय आजी, हाय.

ही बातमी सांगायची कुणाला? नवऱ्याला फोन केला तर तो 'बरं झालं' म्हणाला. शेवटी संध्याकाळी सासूबाईंनाच सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. मला वाटलं, आता टोमणा येणार.

भाकरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, "म्हातारपणी बी बरं हुतंय का गं ह्ये?"

मला आधी कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं. मुक्कामाचं लग्न टाळणारी, देवळातही दाराजवळच बसणारी ही बाई. मला वाटायचं, हेकट आहे.

"हुतंय, आत्या," मी म्हटलं. "बाई म्हणत होत्या, कुठल्याबी वयात सुरू करता येतं. पण एकदा तपासून घ्यायचं. आन दोन दिसात न्हाई हुत. तीन महिने तरी धरायचं."

त्यांनी भाकरी उलटली.

"तीस वर्सं गेली," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांचं काय न्हाई."